बदनापूर नव्हे, बदलापूर

लेकीला सातवा लागला आणि तिने अमेरिकेहून फोनवर सांगितलं, दोघंही या. इतकं सोपं काम होतं. फक्त व्हिसा काढायचा होता.

मी तेव्हा जालन्याजवळच्या बदनापूरच्या शाळेत शिकवत होते, नवरा नुकताच निवृत्त झाला होता. व्हिसाची फी बँकेत भरली, दोघांच्या पावत्या मिळाल्या. पावतीवरचा नंबर इंटरनेटवर टाकायचा आणि मुंबईच्या मुलाखतीची तारीख निवडायची, असं कळलं. 'निवडायची' हा शब्द मला फार आवडला. कारण पडद्यावर रोज एकच वाक्य यायचं: तारीख उपलब्ध नाही.

स्टेशन रोडला झेरॉक्सच्या दुकानात तीन कॉम्प्युटर होते. दुकानदार माझ्या जुन्या विद्यार्थिनीचा नवरा, घरी उर्दू बोलणारा, माझ्याशी मात्र आमच्याच मराठीत. शाळेच्या आधी मी रोज तिथे हजेरी लावायची. कोणी तारीख रद्द केली की ती सकाळी दिसते, असं तो म्हणायचा. एकदा खरंच दिसली. मी नावं भरली, पासपोर्टचे नंबर भरले, आणि लाइट गेली. वेळापत्रकानुसारच गेली. त्या काळात भारनियमन हीच एक गोष्ट वेळेवर व्हायची.

नवऱ्याचा धीर सुटला. जालन्यात एक एजंट होता, त्याच्याकडे तारखांचा दुष्काळ नव्हता. वकिलातीला न सापडणाऱ्या तारखा त्याच्या टेबलाच्या खणात असाव्यात. माणूस फार मायाळू. चहा पाजला, लेकीची चौकशी केली, आणि पासपोर्ट, पावत्या आणि वरचा खर्चा ठेवून जा म्हणाला. नवरा तयार होता. मी एक दिवस मागून घेतला.

दुसऱ्या दिवशी दुकानदाराला सांगितलं. तो बिलकुल हसला नाही. म्हणाला, "बाई, हे लोक खोट्या नावानं तारखा अडवून ठेवतेत. म्हणून तर तुम्हाला दिसत न्हाई. पावतीचा नंबर एकदा त्याच्या हातात गेला, मंग तारीख त्याच्या मर्जीची. उद्या त्यानं रद्द केली तर तुम्ही कोणाला विचारणार?"

आमच्या हक्काची तारीख लपवून तीच आम्हाला विकायची, ही समाजसेवा मला पटली नाही. नवरा दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. घरात शांतता होती, तेवढा एजंटचा उपयोग झाला.

तिसऱ्या आठवड्यात त्याच दुकानात तारीख मिळाली. मुंबईत अर्धा दिवस रांगेत उभे राहिलो आणि मुलाखत चहा निवायच्या आत संपली. कशाला जाताय, घरी कोण आहे, नोकरी काय. मी फाइलभर कागद नेले होते, त्यांच्याकडे कोणी पाहिलंही नाही. पासपोर्ट ठेवून घेतले. व्हिसा लावून कुरियरने घरी येतील म्हणाले. आम्ही लगेच तिकिटं काढली. एवढा उत्साह शहाण्या माणसाने दाखवू नये.

चार दिवसांनी नवऱ्याचा पासपोर्ट आला. माझा आला नाही. दुकानदाराने पाकिटाचा नंबर टाकून पाहिला. लिहिलं होतं, घर बंद. दुसऱ्या दिवशीही घर बंद. आमचं घर? नवरा सकाळपासून ओट्यावर खुर्ची टाकून बसलेला, गल्लीतलं कुत्रंही त्याच्या परवानगीशिवाय जात नव्हतं.

मग दुकानदाराने खालची बारीक ओळ वाचली. "बाई, तुमचं पाकीट बदलापूरला गेलंय."

पत्ता बरोबर, पिनकोड बरोबर, जिल्हाही लिहिलेला. पण मुंबईत बसलेल्या कोणाला तरी शेजारचं बदलापूरच तेवढं ठाऊक, बदनापूर ही लिहिणाऱ्याची चूक वाटली असावी, आणि त्याने ती प्रेमाने दुरुस्त केली.

मी जालन्याच्या कुरियर ऑफिसात गेले. तिथल्या माणसाने अर्ज लिहायला लावला. पाकीट परत पाठवू नका, इथेच मागवा, मी येऊन नेते, असं मी लिहिलं आणि पोच घेतली. तो म्हणाला, "येऊन राह्यलं, मॅडम." ते सहा दिवस येऊन राह्यलं.

तोवर विमानाचा दिवस उजाडला. लेकीचे दिवस भरत आले होते. शेवटी बाळंतपण करायला नवरा एकटा गेला. आयुष्यात ज्याने स्वतःचा चहा केला नाही तो डिंकाचे लाडू, शेक-शेगडीच्या सूचना आणि बाळाला न्हाऊ घालण्याचा माझ्या हातचा चार पानी कागद घेऊन निघाला. स्टेशनवर मी त्याला धीर देत होते, पण रडू मलाच आलं.

तो गेल्यावर दोन दिवसांनी पासपोर्ट मिळाला. ओळख म्हणून त्यांनी आधी पासपोर्टच मागितला. तो तुमच्याच हातात आहे, असं शांतपणे सांगून मी मतदान ओळखपत्र पुढे केलं.

मी पोचले तेव्हा नात नऊ दिवसांची होती. नवऱ्याने तिला सराईतासारखं कुशीवर वळवलं आणि मला म्हणाला, "आधी हात धू."