मोरीच्या पाण्याचा मोगरा

माझ्या सासूबाईंचं माहेर पेणकडचं, मिठागराचं. तिथं दारात फूल लावायची सोयच नव्हती, जमीनच खारी. म्हणून अष्टमी गावात आम्ही घर बांधलं तेव्हा त्यांनी मागितला तो फक्त मोगरा. आपल्या दारचा गजरा एकदा तरी माळायचा, एवढीच हौस.

पण उन्हाळ्यात नळाला पाणी येईना. मोगरा माना टाकायला लागला. ह्यांनी कंपनीतली शिफ्ट सांभाळून परसात विटांची दोन खणांची टाकी बांधली. न्हाणीचं आणि धुण्याचं पाणी जाळीतून पहिल्या खणात यायचं. केस जाळीत अडकायचे, गाळ तळाशी बसायचा. वरचं निवळलेलं पाणी दुसऱ्या खणात उतरायचं. तिथं खाली दगड, मग खडी, वर वाळू. त्यातून झिरपून तळाच्या नळीनं थेट आळ्यात. भांड्यांचं तेलकट पाणी मात्र वेगळं. मला किळस यायची. आंघोळीचं पाणी साठवायचं म्हणजे काय, म्हणून मी कटकट करायचे आणि माझ्या आंघोळीचं पाणी बाहेरच्या गटारात सोडायचे.

वाळू सासूबाईंनी आणली, भावाच्या टेम्पोतून, माहेरच्या खाडीकाठची. "फुकट हाय गो, विकत कशाला?"

थोड्याच दिवसांत पानांच्या कडा करपल्या. ह्यांनी साबणाला दोष दिला, मी ह्यांना. उरलेल्या ढिगातली चिमूटभर वाळू सासूबाईंनी जिभेवर ठेवली आणि थू करून टाकली.

"जन्म मिठात गेला माझा," म्हणाल्या, "आणि मीच मीठ उचलून घरात आणलं."

मला हसू आलं, पण त्यांचे डोळे बघून गिळलं. बाई मोठी खमकी. पदर खोचून सगळी वाळू स्वतः उपसली. कोलाडकडची, गोड्या पाण्याच्या नदीची वाळू मागवली, गढूळपणा जाईपर्यंत धुतली. प्यायच्या पाण्यातली घागर रोज मोगऱ्याच्या मुळाशी ओतून मातीतलं मीठ खाली उतरवलं. धुण्याचा सोडा बंद. टाकीत पाणी शिळं राहू द्यायचं नाही, नाहीतर वास मारतो, हेही त्यांनीच शोधलं. मी त्यांच्यावर खूशच झाले होते, आणि गपचूप माझ्याही आंघोळीचं पाणी टाकीत जाऊ देत होते.

मे संपता संपता कळ्या धरल्या. त्याच आठवड्यात त्यांच्या माहेरी लग्न. पहाटे त्यांनी स्वतः गजरा ओवला, निम्मा माझ्या केसात माळला.

मांडवात त्यांच्या बहिणींनी विचारलं, गजरा कुठल्या बाजारातला? मी मनात म्हटलं, आता नको बाई, पाहुण्यांसमोर नको.

"बाजारातला नाय," सासूबाई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. "माझ्या आंघोळीच्या पाण्याचा हाय."

बायका आधी हसल्या. मग एकेक जण वास घ्यायला वाकली.