अर्धवट उतरलेलं लग्न

पाय प्लास्टरमध्ये असल्याने आत्याला माझ्या चुलतभावाच्या लग्नाला पालीला जाता आलं नव्हतं. म्हणून श्रीवर्धनच्या घरी मी लॅपटॉपवर लग्नाचा व्हिडिओ उतरवायला लावला. नेट सारखं जायचं. डाउनलोडर मात्र उतरलेला भाग ‘.part’ अशा नावाने जपून ठेवायचा आणि नेट आलं की तिथूनच पुढे जायचा.

आत्याला दम निघेना. शेवटी डाउनलोड थांबवून मी नावातलं ‘.part’ काढलं आणि अर्धीच फाईल लावली. नशिबाने ती चालली. मंगलाष्टकं झाली, अंतरपाट हलला आणि चित्र थिजलं.

"अरे, लग्न लागलं की न्हाय?" आत्या ओरडली.

पुढचं उतरवायला गेलो, तर डाउनलोडर विचारतो, अर्धी फाईल सापडत नाही, पहिल्यापासून सुरू करू? नको म्हणून मी फाईलला जुनं नाव परत दिलं, तेव्हा कुठे उरलेलं उतरू लागलं.

फोल्डरमध्ये आधीच्या फसलेल्या प्रयत्नांचे तुकडेही पडले होते.

"अर्धी लग्नं घरात ठेवू नको," आत्याने बजावलं. मी ते पुसून टाकले.

दुसऱ्या दिवशी व्हिडिओ पूर्ण झाला. अंतरपाट दूर होताच आत्याने पलंगावरूनच अक्षता टाकल्या. कीबोर्डच्या फटींतून त्या अजून निघतात.