टँकरवाल्याचा भाव

झिरकपूरच्या त्या सोसायटीत मी चुकीच्या टॉवरमध्ये शिरलो. टॉवर सगळे एकसारखे, आणि माझं दिशाज्ञान घरात प्रसिद्धच आहे. बेल वाजवली. दार उघडणाऱ्या बाईंनी माझ्या चिखलाच्या बुटांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "आज भी वही बदबूवाला पानी लाए हो?"

पंचवीस वर्षांची पत्रकारिता, आणि दिसतो टँकरवाल्यासारखा! मी अखबारातून आलोय म्हटल्यावर त्यांनी मला आत घेतलं आणि पाण्याचा ग्लास थेट नाकाखाली धरला. वास गटाराचा होता. सोफ्यावर त्यांची मुलगी पडलेली, डोळे हळदीसारखे. सोसायटीत कावीळ पसरली होती. बोअरवेल बंद पडल्यापासून बिल्डर टँकरनं पाणी पुरवत होता, आणि ते कुठून येतं हे कुणाला सांगत नव्हता.

खाली फाटकाशी टँकरचा ड्रायव्हर भेटला. समोरच्या ढाब्यावर चहा पाजला. चहाला आमच्या ऑफिसात बंदी नाही. तो म्हणाला, "नाल्याच्या काठावरच्या एका बोअरमधून भरतो. जागा दाखवतो, पण दहा हजार लागतील."

"पैसे देत नाही आम्ही. तुझं नाव मात्र छापणार नाही, हा शब्द."

"ओ जी, नाम से रोटी आती है क्या?"

त्याचा मला राग आला नाही. नोकरी त्याची जाणार होती, माझी नाही. पण पैसे घेऊन बोलणारा माणूस देणाऱ्याला काय हवंय ते बोलू लागतो. आम्हाला खरं हवं असतं, आणि विकणाऱ्याला सनसनाटी परवडते. शिवाय पुढं प्रत्येक जण विचारतो, मला किती? मग मुलीची कावीळ फुकट सांगणारी ती बाई मूर्ख ठरते.

दोन दिवसांत एका वेब पोर्टलनं त्याला ते दहा हजार दिले. कॅमेऱ्यासमोर नाल्याकाठच्या बोअरचं एकदम कारखान्याचं विषारी पाणी झालं. मी मोबाइलवर ते पाहिलं आणि डोकं सणकलं. पोरं पिवळी पडलीत, हे पुरेसं नव्हतं का यांना? कारखाना कशाला घालायचा?

व्हायचं तेच झालं. बिल्डरच्या माणसानं पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट मिळवला आणि नगर परिषदेच्या बैठकीत फिरवला. "साब, गवाह खरीदा हुआ है." अधिकारी हसले. त्या बाईंनी पाण्याबद्दल परिषदेकडे दिलेला अर्जही त्याच हसण्यात बाजूला सरकवला गेला. तिच्या अर्जात एक शब्द खोटा नव्हता. तिनं कुणाकडून चहासुद्धा घेतला नव्हता. विकत घेतलं दुसऱ्यानंच, आणि खोटी ठरली ती. याची चीड मला अजून येते.

मग आम्ही कंटाळवाणा रस्ता धरला. भर दिवसा टँकरच्या मागं गाडी घातली. मी दोनदा चुकीच्या टँकरमागं गेलो, ते सोडा. तिसऱ्यांदा नाल्याच्या काठी बोअरवर पाइप लावलेला स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला, फोटो काढले. त्या बोअरला परवानगी होती का, हे माहितीच्या अधिकारात विचारलं. नळाचं पाणी मी बिसलेरीच्या बाटलीत भरून घरी आणलं, तर बायको, जी इथल्या मेडिकल इन्स्टिट्यूटच्या प्रयोगशाळेत काम करते, बाटलीकडे पाहून म्हणाली, "अहो, हे कोर्टात सोडा, आमच्या शिपायापुढंही टिकणार नाही." मग सरकारी प्रयोगशाळेतून निर्जंतुक बाटल्या आणल्या, सोसायटीतल्या तीन घरांनी आपल्या सहीनिशी नमुने दिले. अहवालात मैल्याचे जंतू निघाले. बिल्डरला उत्तरासाठी वेळ दिला. त्यानं दिलं नाही. मग माहिती अधिकाराचं उत्तर आलं: परवानगी नाही. दरम्यान महिना उलटला होता. मुख्य संपादक रोज विचारायचे, "तुमचं पाणी अजून उकळतंय का?"

बातमी छापली. कारखाना नव्हता, बोअर होता. कुणाला पैसे दिले नव्हते, म्हणून बिल्डरला फिरवायला काही स्क्रीनशॉट नव्हता. टँकर थांबले, नगर परिषदेनं बोअर सील केला. ड्रायव्हरचं नाव आम्ही छापलं नाही, पण पोर्टलवर चेहरा दिसल्यानं त्याची नोकरी गेलीच. दहा हजार मिळूनही त्याचा तोटाच झाला.

त्या संध्याकाळी मी अंक बायकोसमोर ठेवला आणि जरा ऐटीत बसलो. तिनं शेवटपर्यंत वाचलं, चष्मा काढला.

"छान लिहिलंय," ती म्हणाली. "टँकर बंद केलेत, ठीक. आज त्या घरात प्यायला पाणी कुठून आलं, ते विचारलंत का?"

मी विचारलं नव्हतं.

"मग बूट काढू नका. आणि या वेळी टॉवर नीट बघून जा."