अबला महिलेचा अर्ज

बँकेत द्यायचा अर्ज वडिलांनी मला रिक्षात बसल्यावर दाखवला. पहिलीच ओळ होती, ‘मी एक गरीब व अबला महिला असून धंदा डबघाईला आल्याने...’

माझं डोकं तडकलं. उस्मानपुऱ्यात माझ्या भरतकामाच्या मशीनवर दोन बायका काम करतात, लग्नसराईत मला जेवायला फुरसत नसते, आणि मी अबला?

“अर्ज असाच असतो,” वडील म्हणाले. सरकारी कचेरीत कारकुनी करून ते निवृत्त झाले. निम्म्या वस्तीच्या शिष्यवृत्त्या, फीमाफ्या आणि बदल्या त्यांच्या अर्जांनी मिळवून दिल्या होत्या. “माफी मागायची तर रडावं लागतं. साहेबाला दया आली पायजे.”

मशीनसाठी घेतलेलं कर्ज मला मुदतीआधी फेडायचं होतं. त्याला बँक चार्ज लावत होती, वर जीएसटी. बदलत्या, म्हणजे फ्लोटिंग व्याजाच्या घरकर्जाला तो लागत नाही, पण माझं कर्ज धंद्याचं, जुनं आणि ठरलेल्या व्याजाचं. मंजुरीपत्रात अट छापलेली होती आणि खाली माझी सही. म्हणजे हक्काने भांडायची सोय नव्हती, चार्ज माफ करा अशी विनंतीच करायची होती. पैसे देवगाव रंगारीचा माझा प्लॉट विकून आले होते, पण हा चार्ज भरला तर कर्ज पुरतं फिटत नव्हतं. आणि ते फिटल्याशिवाय वडिलांच्या घराचे कागद सुटणार नव्हते. जामीनदार तेच, तारणही त्यांचंच घर.

औरंगपुऱ्यातल्या शाखेत ती ओळ खोडायला मी पर्स उघडून पेन शोधेपर्यंत वडिलांनी अर्ज मॅनेजरबाईंच्या टेबलावर ठेवलाही. त्यांनी तो वाचला, माझ्याकडं पाहिलं, पुन्हा वाचला.

“काका, धंदा बसलाय म्हणता, मग एवढी रक्कम एकदम कुठून आली? दुसरी बँक हे कर्ज उचलतेय का?”

“नाय हो.”

“तसं असेल तर माफीचं नावच काढू नका. आणि हे वाचून वरच्या ऑफिसला तीच शंका येणार.”

वडिलांचा चेहरा उतरला. इतक्या वर्षांत त्यांचा अर्ज कुणी असा परत केला नव्हता. मला त्यांचा राग होता, तरी त्या क्षणी बाईंचाच जास्त आला.

“मॅडम, एक कोरा कागद द्या,” मी म्हणाले.

तिथंच बाकावर बसून लिहिलं. हप्ता एकदाही चुकला नाही, चेक एकदाही परत गेला नाही, खातं तुमच्याचकडं आहे, पाहून घ्या. पैसे माझे आहेत, प्लॉटच्या खरेदीखताची प्रत आणि खात्याचा उतारा जोडते. दुसऱ्या बँकेचा संबंध नाही. धंदा चांगला चालतो आणि पुढचं मशीन घेईन तेव्हा कर्ज तुमच्याकडंच मागायला येईन. शेवटी लिहिलं, तारण ठेवलेलं घर माझ्या वडिलांचं आहे, त्याचे कागद मला त्यांच्या हयातीत त्यांच्या हातात द्यायचे आहेत.

वडील खांद्यावरून वाचत होते. “हे शेवटचं खोड. बँकेला असलं कारण चालत नाय.”

“मला चालतं,” मी म्हणाले आणि सही ठोकली.

मॅनेजरबाईंनी काही खोडलं नाही. “माफीचा अधिकार शाखेला नाही. शिफारस करून रीजनल ऑफिसला पाठवते,” म्हणाल्या. पोच म्हणून अर्जाच्या झेरॉक्सवर शिक्का मात्र वडिलांनी आठवणीनं मारून घेतला. ती सवय चांगलीच होती, मी कबूल करते.

उत्तर यायला वेळ लागला. तोवर कर्ज बंद करण्याच्या हिशेबाच्या पत्राची मुदत टळली, वाढलेल्या व्याजासह नवं पत्र काढावं लागलं. पण चार्ज माफ झाला आणि त्याच्यावरचा जीएसटीही आपोआप गेला. मी भरणा केला, काही देणं उरलं नसल्याचा बेबाकी दाखला घेतला. तारणाचा बोजा उतरल्यावर बँकेनं आम्हा दोघांना बोलावलं, कारण घराचे मूळ कागद मालकाच्याच सहीनं मिळतात.

वडिलांनी एकेक पान यादीशी ताडून पाहिलं, मागं रांग लागली तरी. सही केली, कागद पिशवीत घातले आणि मॅनेजरबाईंना म्हणाले, “मी जन्मभर लोकांसाठी रडून लिवलं, मॅडम. स्वतःच्या पोरीलाबी रडवाय निघालो होतो. हिनं सरळ सांगितलं अन् तुमी ऐकलं.”

बाई हसल्या. माझ्या डोळ्यांत मात्र पाणी आलं.

रिक्षात वडील पिशवी मांडीवर धरून बसले. उस्मानपुरा आल्यावर म्हणाले, “शेजारच्या पोराला फीमाफीचा अर्ज पायजे. तूच लिव.”