सोळाशे रुपयांचा हिशेब

आमच्या कर्वेनगरच्या घरी पोळ्या करणाऱ्या मावशींची सून माहेरी, मांजरी गावाला निघून गेली, कारण सोळाशे रुपये. मावशींच्या वहीनुसार वर्षात खात्यातून तेवढे कमी झाले होते आणि एटीएममधून पैसे काढायचं काम सुनेकडे होतं. मावशी तिला चोर म्हणाल्या नाहीत. फक्त कार्ड काढून घेतलं. पुण्यात एवढं पुरतं.

मला रागच आला. मी आयटीत, दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या, त्याचाच पगार. शाखेतून वर्षाचं स्टेटमेंट आणायला लावलं आणि रविवारी पोळपाटाशेजारीच कॅल्क्युलेटर घेऊन बसले.

जवळजवळ दर महिन्याला एकशे अठरा रुपये गेलेले. शिल्लक कमी म्हणून शंभर दंड, वर अठरा जीएसटी.

"कमी कशी? महिनाअखेरीला दोन हजार भरतेच की मी," मावशी म्हणाल्या. "एक तारखेला सुनेला काढायला लावते, वाण्याचं द्यायचं असतं."

मग उलगडा झाला. वाणी महिनाअखेरीला वही बघून हिशेब करतो, तशी बँकही शेवटच्या दिवशीच डोकावते, असं त्या धरून चालल्या होत्या. बँक रोजची शिल्लक बेरजेत धरून सरासरी काढते, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. बोनसचे पैसे खात्यात राहिले तो दिवाळीचा महिना तेवढा वाचला. अकरा महिन्यांचे बाराशे अठ्ठ्याण्णव.

एसएमएसचे तिमाहीला सतरा रुपये सत्तर पैसे, वर्षाचे सत्तर रुपये ऐंशी पैसे. ते एसएमएस मावशींच्या मुलाच्या बंद पडलेल्या नंबरवर जात होते. बंद फोनला पत्रं पाठवून पोस्टेज मात्र मावशींकडून वसूल. कार्डाचे वर्षाचे एकशे सत्त्याहत्तर. शिल्लक अपुरी म्हणून एटीएमने तीनदा नकार दिला, त्या नकाराचेही सत्तर रुपये ऐंशी पैसे. एकूण सोळाशे सोळा रुपये साठ पैसे. त्यातून बँकेने उदार मनाने दिलेलं सतरा रुपये व्याज वजा केलं. उरले पंधराशे नव्याण्णव रुपये साठ पैसे.

मावशींनी बेरीज दोनदा करायला लावली. मी सांगितलं, किमान शिल्लक न लागणारं खातं असतं, उद्या अर्ज देऊ. त्यांचं लक्षच नव्हतं. तव्यावरची पोळी करपली, ती मीच उलटली. ही बाई माझ्या पोळीला कधी डाग पडू द्यायची नाही. मला तिची फार माया वाटली.

"ताई, तुम्हीच सांगा तिला. माझ्या तोंडून निघायचं न्हाई."

"बँक माफी मागणार नाही मावशी. तुम्ही तरी मागा."

त्या गॅलरीत गेल्या. फोन लागला.

"जेवलीस का?" मग पदराला हात पुसले. "सोळाशे बँकेनं खाल्ले गं. मला तू वाटलीस."

पलीकडून काय उत्तर आलं, मला ऐकू आलं नाही. मावशी नुसत्या मान हलवत होत्या, जणू ती समोरच उभी होती.

"न्हाई," त्या म्हणाल्या, "तू येऊ नको. मीच येते न्यायला."