पायाळू माणसाचा पाय

मी पायाळू. म्हणजे जन्मताना आधी पाय बाहेर आले, डोकं नंतर. आमच्या चऱ्होलीत अशा माणसाच्या पायाला मान असतो. कुणाच्या पाठीत उसण भरली की तो सकाळी उपाशीपोटी दारात येतो, पाठ करून बसतो, आणि पायाळू माणसानं त्या जागी डाव्या पायानं तीनदा लाथ मारायची. जोरात नाही, पण लागली पाहिजे. सहा वर्षांचा असल्यापासून मी गावातल्या भल्याभल्यांना लाथा मारल्यात आणि वर त्यांच्याकडून खाऊ उकळलाय. पुढे चाकणच्या एका कंपनीच्या बसवर ड्रायव्हर झालो, तर तिथंही बातमी पोचली. थांब्यावर माणसं म्हणायची, "भाऊ, गाडी नंतर काढा, आधी पाठीत घाला." खोटं कशाला बोलू, मला त्याचा अभिमान होता.

गेली तीन वर्षं मी कुणाला पाय लावलेला नाही. कारण विचारलं की गुडघा दुखतो म्हणून सांगतो.

माझा धाकटा भाऊ तेव्हा बावीस वर्षांचा होता. चाकणलाच एका वर्कशॉपमध्ये लागला होता. आम्हा दोघांत सहा वर्षांचं अंतर, त्यामुळे लहानपणी माझी बरीच पापं त्यानं आपल्या अंगावर घेतली. काच मी फोडायचो आणि "मी फोडली" असं तो सांगायचा. त्याची एक गंमत होती. खरं बोलताना तो इकडेतिकडे बघायचा, खोटं बोलताना मात्र थेट डोळ्यांत डोळे घालायचा. आईला हे कधी कळलं नाही. मला माहीत होतं.

त्या वर्षी त्याला आधी ताप आला. मग घसा असा धरला की थुंकी गिळताना डोळ्यांत पाणी यायचं. टॉन्सिलवर पांढरा थर, मानेत दोन्ही बाजूंना गाठी, पापण्या सुजलेल्या. जवळच्या डॉक्टरांनी घशाचं इन्फेक्शन समजून अँटिबायोटिक दिलं, तर चार-पाच दिवसांत अंगभर लाल पुरळ उठलं. आई म्हणाली, "हे काय साधं न्हाई बाबा. मोठ्या डाक्टरकडं ने त्याला." सगळ्यात भीती वाटायची ती त्याच्या थकव्याची. गाडीला किक मारून उडी मारून बसणारा पोरगा, संडासला जाऊन आला की भिंतीला टेकून उभा राहायचा.

भोसरीत एक फिजिशियन बाई होत्या. त्यांनी मान तपासली, पोट अगदी हलक्या हातानं चाचपलं, रक्त तपासलं, सोनोग्राफी केली. मग नीट बसवून सांगितलं. एपस्टाइन-बार नावाचा विषाणू आहे, आजाराचं नाव इन्फेक्शियस मोनोन्यूक्लिओसिस. लाळेतून पसरतो. शिफ्टमध्ये एकच बाटली तोंड लावून चौघं पीत होते, तिथूनही आला असेल. विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही. पुरळ उठलं ते या आजारात ते औषध पडल्यामुळे. तापाची गोळी, भरपूर पाणी आणि आराम, एवढाच उपाय. घसा दोन-तीन आठवड्यांत सुटेल, थकवा मात्र महिनादोन महिने रेंगाळू शकतो.

"पण खरी काळजी प्लीहेची," त्या म्हणाल्या. "तुम्ही पानथरी म्हणता ना, ती. संसर्गाशी लढणाऱ्या पेशींनी भरून फुगलीय. वरचं आवरण ताणून पातळ झालंय. धक्का बसला तर फुटू शकते, आणि आत रक्त साचून माणूस जाऊ शकतो. ताप उतरला, बरं वाटलं, तरी ती लगेच आकसत नाही. मी सांगेपर्यंत वजन उचलायचं नाही, खेळायचं नाही, बाइकवर बसायचं नाही. पोटाला मार लागता कामा नये."

मी हे फार मनावर घेतलं. बाइकची किल्ली लपवली. पाण्याची कळशी उचलू दिली नाही. टीमची पोरं मॅचला बोलवायला आली, त्यांना दारातूनच हाकललं. तो चिडायचा, "दादा, मी काय बाळंतीण हाय का?" आम्ही सगळे हसायचो.

अठराव्या दिवशी त्याचा ताप गेलेला होता, घसाही सुटला होता. सकाळी मी ड्युटीला निघत होतो. तो अंथरुणातून उठून आला आणि म्हणाला, "पाठीत भरलंय बघ. झोपून झोपून उसण धरली. पाय लाव की जरा." डाव्या बाजूला, बरगड्यांच्या खालच्या टोकाशी बोट ठेवलं. मी म्हणालो, "आराम सांगितलाय ना?" तो म्हणाला, "पोटाला सांगितलंय. ही पाठ हाय."

मलाही ते पटलं. डॉक्टरीणबाई पोट म्हणाल्या होत्या. पानथरी पोटात पुढच्या बाजूला असते असंच मी धरून चाललो होतो. ती डाव्या बरगड्यांच्या आड, पाठीच्या बाजूला असते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलंही नव्हतं. बूट काढला. तीनदा पाय लावला. बनियनमधून त्याच्या अंगाची ऊब टाचेला लागली. ती अजून लागते. बसच्या क्लचवर डावा पाय ठेवला की लागते.

तासाभरात आईचा फोन आला. मी चाकणला कंपनीच्या गेटवर होतो. दुसऱ्या ड्रायव्हरच्या हाती बस देऊन परतलो, तोवर शेजाऱ्यांनी त्याला हॉस्पिटलात नेलं होतं. तो पांढराफटक पडला होता, घामानं भिजला होता. डावा खांदा धरून कण्हत होता. सर्जननं विचारलं, "पडला होता? मार लागला कुठे?" मी तोंड उघडलं, पण त्याच्या आधी तो बोलला. "न्हाई सर. शिंक आली जोरात." सर्जन म्हणाले, असंही होतं, कधी तर काहीही न होता फुटते. पोटात रक्त भरत होतं, प्रेशर उतरत होतं. प्लीहा काढून टाकावी लागली. मी बाहेर बाकावर बसलो होतो आणि पायांत बूट होते. आपण ते परत कधी घातले हे मला आठवेना.

तो वाचला. लग्न झालं, कामावर जातो. प्लीहा नाही म्हणून लशी घ्याव्या लागतात, आणि साधा ताप आला तरी वाट न बघता दवाखाना गाठावा लागतो. दर तापाला मीच त्याला घेऊन जातो. गाडीत आम्ही क्रिकेटवर बोलतो.

ऑपरेशननंतरच्या पहिल्याच तपासणीला मी डॉक्टरीणबाईंना सहज विचारल्यासारखं विचारलं, पानथरी फुटली तर खांदा का दुखतो? त्या म्हणाल्या, आत सांडलेलं रक्त छातीखालच्या पडद्याला टोचतं, आणि ती कळ डाव्या खांद्यात जाणवते. म्हणजे खांदा दुखू लागला, तर बहुतेक रक्त सुटलेलं असतं.

तेव्हापासून माझ्यापुढे एकच प्रश्न आहे. माझा पाय लागायच्या आधी त्याचा खांदा दुखत होता का? दुखत असेल, तर फुटायचं ते आधीच फुटलं होतं. मला ती सकाळ शब्दन् शब्द आठवते आणि त्यात खांदा कुठेच नाही.

तीन वर्षं हा प्रश्न माझ्या तोंडातून बाहेर पडला नाही. गेल्या महिन्यात त्याला तापामुळे दाखवून परतताना टोलच्या रांगेत अडकलो होतो, तेव्हा विचारून टाकला. तो खिडकीबाहेर बघत होता. माझ्याकडे वळला.

"व्हय, दादा. पहाटेपासूनच दुखत होता," तो म्हणाला. थेट माझ्या डोळ्यांत डोळे घालून.