मेसेज जात नाही

कापसाचा भाव पडला त्याच वर्षी वणीतल्या आमच्या किराणा दुकानात मी पॉइंटची योजना काढली. नवरा म्हणाला, "याच वर्षी कायले?" गिऱ्हाईक तुटतं ते अशाच वर्षी, मी म्हटलं.

मोहल्ल्याच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दुकानाचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं: "शंभर रुपयांच्या किराण्यावर एक पॉइंट. एक पॉइंट म्हणजे एक रुपया. पन्नास जमले की पुढच्या बिलातून कमी करून घ्या. काउंटरवर मोबाइल नंबर सांगा, झालं. फी नाही."

बायका आल्या, सामान घेऊन गेल्या. नंबर एकीनंही दिला नाही.

शेवटी समोरच्या काकूंनी हळूच विचारलं, "नंबर तर त्याईचा हाये. मी काय घेतलं, कितीचं घेतलं, त्याचा मेसेज त्याईले जाईन का वो?" काका कोळशाच्या खाणीत होते. काकूंच्या पिशवीत साबणाखाली नेलपॉलिशची बाटली होती.

नंबर टाकला की बिलाच्या मशीनमधून मेसेज जाणारच होता, प्रत्येक बिलाचा. मी नवऱ्याला तो बंद करायला लावला. "फुकटची जाहिरात कायले बंद करतं?" तो म्हणाला.

"आपल्याच दुकानातून मी काय काय नेते, तुले ठाऊक आहे?"

त्यानं मेसेज बंद केला. मी ग्रुपवर एक ओळ वाढवली: "मेसेज जात नाही. पॉइंट बिलाखालीच छापून येतात."

संध्याकाळी काउंटरवर गर्दी होती. बायका आपापल्या नवऱ्यांचे नंबर तोंडपाठ सांगत होत्या.